सुमनताई हसल्या नाहीत

सुमनताई कर्णुक गेल्या त्या दिवशी कंपनीच्या बसच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक संदेश पडला. समईचं चित्र, खाली फुलं आणि त्याखाली, ‘शांत, मनमिळाऊ आणि सर्वांना सांभाळून घेणाऱ्या आमच्या ताई’. वाचून माझं डोकंच फिरलं. ज्या बाईने हाक मारली की दहिवलीच्या थांब्यावरची कुत्री उठून दुसरीकडे जाऊन झोपायची, ती बाई शांत? आणि सांभाळून घेणाऱ्या म्हणाल तर त्यांनी याच ग्रुपातल्या निम्म्या लोकांना कधी ना कधी फैलावर घेतलेलं होतं. माणूस गेला रे गेला की त्याला साखरेच्या पाकात बुडवायचं, ही आपल्याकडची जुनी खोड आहे. मला ती मुळीच आवडत नाही, म्हणून हे लिहायला बसले.

आम्ही दोघी रसायनीच्या एकाच केमिकल कंपनीत होतो. मी लॅबमध्ये, त्या स्टोअरमध्ये. कर्जतहून कंपनीची बस सुटायची, दहिवलीला आणि चारफाट्याला माणसं घ्यायची आणि चौकवरून रसायनीला जायची. जाताना तास, येताना तास. इतकी वर्षं ही बस हेच आमचं गाव, आमचा पार आणि आमची चावडी होती. कुणाच्या मुलीचं लग्न ठरलं, कुणाचं दुखणं निघालं, सगळं आधी बसला कळायचं आणि मग घराला.

त्या गावाच्या पाटलीण सुमनताई. पन्नाशी ओलांडलेली बाई, ठसठशीत कुंकू, केसांचा घट्ट अंबाडा, पायात कायम सेफ्टी पिन लावलेली चप्पल. नवी चप्पल घेऊन ठेवलेली असायची, पण ती “कार्याला” घालायची. नवरा मुलीच्या लहानपणीच गेला, तरी कुंकू पुसलं नाही. कुणी टोकलं तर म्हणायच्या, “कपाळ माझं हाय, त्येचं नवतं.” स्टोअरमध्ये हातमोजे मागायला गेलात की पहिला प्रश्न, “जुने कुठं हायत?” जुने दाखवल्याशिवाय नवे नाहीत. एकदा प्लँटचे मोठे साहेब स्वतः आले, त्यांनाही हात हलवत परत पाठवलं. साहेब दुसऱ्या दिवशी फाटके हातमोजे घेऊन आले.

आणि विनोद! त्यांच्यासारखा विनोद करणारं माणूस मी कंपनीत दुसरं पाहिलं नाही. साहेबांच्या चालण्याची नक्कल, त्यांच्या इंग्रजीची नक्कल, जावयाच्या आईची, स्वतःच्या घोरण्याची. हसायला लागल्या की आधी अंबाडा हलायचा, मग खांदे, आणि आवाज सगळ्यात शेवटी यायचा. ताई हसल्या म्हणजे जोक पास झाला, असा बसचा कायदाच होता. मागच्या बाकड्यावरून कुणी काही बोललं की चाळीस माणसं आधी ताईंकडे बघायची. म्हणून ताई हसल्या नाहीत की त्याचा अर्थ सगळ्यांना कळायचा. हे सांगायला हवं, कारण पुढे जे झालं ते एखाद्या सोवळ्या, नाकावर माशी न बसू देणाऱ्या बाईने केलेलं नाही.

मागच्या बाकड्याचा राजा वसंता. इलेक्ट्रिकलचा माणूस, ताईंच्याच आळीतला. माणूस वाईट होता असं म्हणायला मला आवडलं असतं, म्हणजे काम सोपं झालं असतं. पण ताईंच्या नवऱ्याला छातीत कळ आली तेव्हा यानेच त्यांना टेंपोत घालून हॉस्पिटलात नेलं होतं, आणि तेव्हापासून दर राखीपौर्णिमेला ताई त्याला राखी बांधायच्या. तो त्यांना ताई म्हणायचा आणि अगंतुगं करायचा. तर असा हा भला माणूस, आणि तोंड उघडलं की गटार.

चौकच्या नाक्यावर सकाळी रेश्मा उभी असायची. साडी, मोठी टिकली, गाड्यांच्या काचांवर टकटक करून पैसे मागायची. बस हळू झाली की वसंता मागून हात आडवे आपटून टाळी वाजवायचा, बायकी आवाज काढायचा आणि कुणातरी पोराला म्हणायचा, “ऊठ रं, तुझी मावशी बोलावते.” सगळी बस हसायची. आणि ज्याला म्हणायचा तो बहुतेक वेळा निलेश असायचा. निलेश कोंडाण्याकडचा, नवीन लागलेला, अकाउंट्समध्ये. बारीक, नीटनेटका, हळू बोलणारा. तेवढं पुरेसं होतं. त्याला बायल्या, हिजडा, काय वाटेल ते म्हणायचे आणि शेवटी पाठीवर थाप, “गंमत करतो रं, तू आपलाच.” ही पाठीवरची थाप मला सगळ्यात जास्त चीड आणायची. आधी चिखलात ढकलायचं आणि मग हात पुसायला त्याचाच शर्ट.

पहिल्यांदा ताई उठल्या ते मला लख्ख आठवतं. उठल्या म्हणजे जागेवरूनच मान वळवली.

“वसंता, काय म्हनालास? इंजिनाच्या आवाजात ऐकू आलं नाय.”

वसंता खुश झाला. त्याने परत म्हटलं. परत म्हटलेला जोक शिळ्या भजीसारखा असतो, निम्मीच माणसं हसली.

“त्यात हसायचं काय हाय? मला समजाव.”

“अगं ताई, जोक हाय.”

“तेच म्हनते. मला पन हसू दे की. ती बाई नाक्यावर उभी हाय. मग?”

“मग काय... ती बाई हाय का?”

“बरं, तुला ती बाई वाटत नाय. मग? निलेश तिचा कोन?”

वसंताने इकडेतिकडे पाहिलं. “जाऊ दे ना ताई.”

“जाऊ दिलं,” असं म्हणून ताईंनी पिशवीतून आवळासुपारी काढली आणि खिडकीबाहेर बघत चघळत बसल्या.

मला वाटलं, झालं काम. मी तेव्हा भाबडी होते आणि अशा गोष्टी एका फटक्यात मिटतात असा माझा समज होता. कसल्या मिटतायत. “समजाव” हे औषध थोडे दिवस चाललं. मग मागच्या बाकड्याला त्याची सवय झाली. एके दिवशी ताईंनी “समजाव” म्हटल्यावर वसंताने खरोखरच समजावलं. अगदी सविस्तर, हातवारे करून, ऐकवणार नाही असं. आधीच्यापेक्षा दुप्पट हशा झाला. ताईंचा चेहरा लाल झाला. त्या उभ्या राहिल्या आणि दांडा धरून एवढंच म्हणाल्या, “आता समजलं. हे घाण हाय. माझ्यासमोर हे बोलायचं नाय.”

लांबलचक भाषण नाही, कायदा नाही, संस्कार नाहीत. मी मध्ये तोंड घालून आरडाओरडा केला, हे सगळे कसे मागासलेले आहेत वगैरे. उतरल्यावर ताईंनी मला कोपऱ्यात घेतलं. “तू वरडलीस की मंग समदे तुझ्याकडं बघतात. तो काय बोलला ते ऱ्हातं बाजूला. तुझ्या वरडन्यावरच उद्या जोक हुतील.” झालेही. आठवडाभर माझी नक्कल चालली होती. मला राग आला म्हणून चूक माझी, असं त्या कधी म्हणाल्या नाहीत. राग त्यांनाही माझ्याइतकाच यायचा. त्या तो गिळायच्या नाहीत, नेम धरून वापरायच्या.

त्यांना विचारलेल्या प्रश्नांची तर मला आजही शिसारी येते. “ताई, तुला एवढं का लागतं? तुझ्या घरात हाय का कोन तसं?” लोकांना कारण लागतं. बाई चिडते म्हणजे तिचा भाऊ असेल, भाचा असेल, कायतरी झाकलेलं असेल. असं काही नव्हतं. आणि ताईंनी “नाय बाबा, आमच्यात कोन नाय” असंही कधी म्हटलं नाही. त्या म्हणायच्या, “असंल, नसंल. पाण्यात बुडनाऱ्याला वढून काढायला तो भाऊच लागतो का?” मी एकदा विचारलं की सरळ नाही का म्हणत नाही. म्हणाल्या, “नाय म्हनले की त्येंना बरं वाटंल. म्हंजे ती लाजायची गोष्ट हाय असं मी पन मान्य केलं. कशाला करू?” रेश्माचं नावही त्यांनीच विचारून आणलं होतं, एकदा बस पंक्चर झाली तेव्हा खाली उतरून. त्यानंतर कुणी टाळी वाजवली की विचारायच्या, “रेश्मावर बोलतोस का?” नाव आलं की जीभ जरा अडखळते, हे मी तिथे पाहिलं.

पण त्यांच्या हातून एक चूक झाली, आणि ती सांगितल्याशिवाय त्यांचं चित्र खोटं होईल.

आमच्या बसमध्ये बसायची एक रीत होती. कुणी लिहून दिलेली नव्हती, पण मोडायची कुणाची छाती नव्हती. पुढच्या डाव्या बाजूच्या रांगा बायकांच्या, उजव्या बाजूला वयस्कर पुरुष, मागे पोरं. बायकांच्या रांगेत पुरुष फक्त एकाच प्रसंगी बसायचा, आजारी असेल तर. एका सकाळी मागे निलेशची फारच ओढाताण चालली होती. कुणीतरी त्याचा डबा काढून घेतला होता, “आज काय, मावशीने दिलं का?” ताईंचा पारा चढला. त्यांनी मागे जाऊन डबा हिसकावला, निलेशचा दंड धरला आणि त्याला पुढे आणून आपल्या शेजारी, बायकांच्या रांगेत बसवलं. “आजपासनं हितं बसायचं. बघते कोन काय बोलतो.”

कुणी काही बोललं नाही. बोलायची गरजच उरली नव्हती. जे मागचं बाकडं इतके महिने ओरडून सांगत होतं, ते ताईंनी त्याला उठवून पुढे आणून सगळ्या बसला दाखवून दिलं होतं. निलेश मान खाली घालून बसला. त्याचे कान लाल झाले होते. मागून कुणीतरी हळूच शीळ घातली.

दुसऱ्या दिवसापासून निलेश बसने आला नाही. त्याने मोटरसायकल काढली. कर्जत-चौक रस्ता ज्याने पाहिलाय त्याला सांगायला नको. वळणं, खड्डे आणि खडीचे डंपर. पावसाळ्यात तर पुढचा मागचा दिसत नाही. त्या रस्त्यावर आम्ही बसमध्ये सुखरूप बसून जायचो आणि हा पोरगा रेनकोट घालून डंपरच्या मागे. बस त्याला ओव्हरटेक करायची तेव्हा ताई तो दिसेनासा होईपर्यंत खिडकीतून मागे बघत राहायच्या. वसंता म्हणाला, “हौस हाय पोराला बाईकची.” मला त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली. खरंच द्यावीशी वाटली.

आठवडाभराने ताई कंपनीच्या स्कूटर स्टँडवर निलेशची वाट बघत उभ्या राहिल्या. मला सोबत नेलं, पण “तू लांब उभी ऱ्हा” म्हणाल्या. तो आल्यावर त्यांनी आधी हात जोडले.

“माझं चुकलं रं. तुला विचारायला पायजे होतं. मी माझ्याच तावात होते.”

निलेश घाबरला. “नाही ताई, तुमी माझ्यासाठीच...”

“तुझ्यासाठी तुला न विचारता केलं, तेच चुकलं. आता विचारते. मी काय करू? कायच करू नको म्हनालास तर कायच करनार नाय.”

तो किती तरी वेळ हेल्मेटच्या पट्ट्याशी खेळत होता. मग म्हणाला, “ताई, मी असताना माझ्यासाठी भांडू नका. सगळे माझ्याकडेच बघतात. मी समोर असलो तर नुसता विषय बदला. भांडायचं तर मी नसताना भांडा. आणि माझं नाव घेऊन नको.”

“बरं.”

“आणि मला परत बसमध्ये आणायला येऊ नका. यायचं तेव्हा मी येईन.”

“बरं,” ताई म्हणाल्या. बस, एवढंच. तो कोण आहे, कसा आहे, हे त्यांनी विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही. परत येताना मी काहीतरी बोलायला गेले, तर म्हणाल्या, “त्येचं त्येला ठावं. आपल्याला फकस्त तो डंपरच्या मागनं निघायला पायजे.”

तेव्हापासून त्यांनी तो एकच ध्यास घेतला. त्यांना निवृत्त व्हायला वर्ष राहिलं होतं. त्याआधी ती बस अशी करायची की पोराला वाटलं तर चढता येईल. चढायचं की नाही ते तो ठरवेल.

पहिली गाठ त्यांनी वसंताची घेतली, आणि बसमध्ये नाही. आळीत त्याच्या घरी गेल्या. वहिनींनी चहा केला, तो प्यायल्या, आणि मग त्याला अंगणात नेलं. हे मला त्यांनीच दुसऱ्या दिवशी सांगितलं, त्याची नक्कल करून, पण हसत नव्हत्या.

“मी मनात काय ठेवून बोलत नाय ताई. गंमत असते.”

“तुझ्या मनातलं मला दिसत नाय वसंता, आनि त्यालाबी दिसत नाय. तोंडातनं जे निघतं तेच ऐकू येतं.”

“मग सांगायचं ना त्याने, आवडत नाय म्हनून.”

“चाळीस मानसांत एकट्याने? तू सांगशील? तुला साहेब परवा ‘ए वायरमन’ म्हनाला, तर तू माझ्याकडं येऊन रडलास. साहेबाला सांगितलंस का?”

तो म्हणाला, “मग बोलायचं तरी काय गाडीत? तोंडाला कुलूप?”

“साहेबावर बोल. माझ्या चपलेवर बोल. जो तुला उलटं बोलू शकतो त्येच्यावर बोल.”

वसंताने कबूल केलं. आणि खरं सांगायचं तर त्याने प्रयत्नही केला. जीभ घसरायची, मग तो ताईंकडे बघायचा, ताई नुसत्या बघायच्या, आणि तो साहेबांवर उडी मारायचा. हळूहळू मागचं बाकडं साहेबांच्या नकलांवर जगायला लागलं. मग ग्रुपवर कुणीतरी एक व्हिडिओ टाकला, एका पोराला साडी नेसवून नाचवलेला, तो रडतोय आणि भोवतीचे हसतायत. खाली हसणाऱ्या इमोजींची रांग. ताईंनी एका बोटाने टाइप करून लिहिलं, ‘हा काढा. तो मुलगा रडतोय. का काढायचा ते विचारायचं असेल तर मला फोन करा, इथे वाद नको.’ व्हिडिओ काढला गेला.

त्यानंतर त्यांना चार-पाच जणांचे वेगळे मेसेज आले. ‘ताई, बरोबर बोललात.’ ‘ताई, मलाही आवडलं नव्हतं.’ दुसऱ्या दिवशी बसमध्ये ताई अशा भडकल्या की ड्रायव्हर चंदूने आरशातून बघितलं. “माझ्या कानात येऊन बरोबर म्हनू नका. मला ठावं हाय मी बरोबर हाय. जिथं चुकीचं पडलं तिथं लिवा. तुमी लिवलं नाय म्हनून ज्यानं टाकला त्येला वाटतं समदी गाडी त्येच्या बाजूने हाय आनि म्हातारी येकटीच खुळी.” पुढच्या वेळी ग्रुपवर दुसऱ्याच बाईने ‘हे नको’ लिहिलं. ते वाचून ताईंनी मला कोपराने ढोसलं, अंबाडा थोडासा हलला.

आणि मग त्यांच्या निरोपाचा दिवस आला.

कंपनीत शाल-श्रीफळ झालं. संध्याकाळी बसमध्ये आमचा वेगळा समारंभ. फुगे लावलेले, ताई नवी साडी आणि अखेर ती कार्याची चप्पल घालून पुढे बसलेल्या. निलेश मोटरसायकलवर पुढे निघून गेला होता, दुपारीच येऊन त्यांच्या पाया पडून गेला होता. बस सुटल्यावर एकेकाने दोन शब्द बोलायचं ठरलं. कुणी रडलं, कुणी हातमोज्यांचा किस्सा सांगितला, ताई खांदे हलवून हसत होत्या. शेवटी वसंता उठला. त्याने छान सुरुवात केली. नवरा गेला ती रात्र, राखी, सगळं. त्याचाच गळा दाटून आला. गळा दाटला की पुरुषाला चोरी केल्यासारखं वाटतं, मग तो काहीतरी हलकं बोलून सुटका करून घेतो. वसंताने डोळे पुसले आणि म्हणाला, “पन एक बरं झालं, ताई गेली म्हंजे आपली तोंडं मोकळी. आता अकाउंट्सच्या त्या मावशीला पन बोलावून घेऊ या गाडीत.” आणि हात आडवे आपटून टाळी वाजवली.

सगळी बस हसली. खदाखदा हसली. वर्षभराची कोंडलेली वाफ असावी तशी.

ताई हसल्या नाहीत. “चंदू, गाडी बाजूला घे,” म्हणाल्या.

“ताई, अगं गंमत केली...”

“मी नसताना तू काय बोलनार, ते आज कळलं.” त्यांनी शाल घडी करून सीटवर ठेवली, त्यावर नारळ ठेवला, आणि चौकच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला उतरल्या. मीही मागोमाग दारापर्यंत गेले, पण त्यांनी हातानेच थांबवलं.

वसंता धावत खाली उतरला. दारात उभी असल्याने मला सगळं ऐकू येत होतं.

“ताई, माफ कर. चल वर.”

“माझी कसली माफी? मला बोललास का?”

“मग त्याला फोन लावतो. आत्ता लावतो.” त्याने खरंच मोबाइल काढला.

“खबरदार. फोन करून काय सांगशील? मी तुला मावशी म्हनालो, समदे हसले, माफ कर? आज रातच्याला झोप नको का त्येला? त्येच्या कानावर जाता कामा नये.”

“मग काय करू?” वसंता रडवेला झाला होता. एवढा मोठा माणूस, रस्त्यावर, डंपर शेजारून जातायत.

“जितं बोललास तितं जा. जे हसले त्येंच्यासमोर बोल. नायतर राखीला माझ्या दारात येऊ नको.”

आणि त्या पुढे चालायला लागल्या. तो बोलतो की नाही हे बघायलाही थांबल्या नाहीत. एक शेअर रिक्षा आली, तिला हात केला. आत आधीच माणसं कोंबलेली होती. त्यांनी एकाला गुडघ्याने सरकवलं आणि बसल्या. मी त्यांना पाहिलं ते हे शेवटचं, त्यांची पाठ आणि रिक्षाबाहेर आलेला नव्या साडीचा पदर.

वसंता वर आला. दांडा धरून उभा राहिला. फुगे हलत होते. तो म्हणाला, “मगाशी मी जे बोललो ते चुकीचं बोललो. परत बोलनार नाय. आनि कोन बोललं तर मला चालनार नाय.” मागून एक जण हसला, “काय वसंता, तू पन त्यातला का?” वसंताचं तोंड उघडलं. नाही म्हणायला त्याला एक क्षणही लागला नसता. त्याने तोंड मिटलं. “तुला काय समजायचं ते समज,” म्हणाला आणि बसला. चंदूने गाडी काढली.

त्या राखीला वसंता ताईंच्या दारात गेला आणि त्यांनी राखी बांधली. त्यानंतर ताई नागपूरला मुलीकडे गेल्या, तिथेच आजारी पडल्या, परत आल्या नाहीत. निलेश पावसाळ्याच्या तोंडावर एका सकाळी चारफाट्याला बसमध्ये चढला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कुणी जागा दिली नाही, कुणी काही विचारलं नाही. मधल्या रांगेत एक सीट रिकामी होती तिथे तो बसला. मी ताईंना फोन करून सांगितलं. त्यांचा आवाज खूप बारीक झाला होता. त्यांनी आनंद वगैरे काही व्यक्त केला नाही. “त्या दिवसाचं त्येला कुनी सांगितलं नाय ना?” एवढंच विचारलं.

सांगितलं नव्हतं. ज्या बसला गरोदरपणाची बातमी नवऱ्याआधी कळते, त्या बसने ती एक गोष्ट पोटात ठेवली होती.

म्हणून हे लिहून झाल्यावर मी अडकले. छापायचं तर त्याला विचारल्याशिवाय नाही, आणि विचारायचं तर त्याला सगळं कळणार. शेवटी त्यालाच विचारलं की त्या निरोपाच्या दिवसाबद्दल एक वाईट गोष्ट यात आहे, वाचायची आहे का. तो म्हणाला, द्या. कँटीनच्या मागच्या कट्ट्यावर बसून त्याने सगळं वाचलं. मधे एकदा उठून नळावर पाणी पिऊन आला आणि परत वाचायला बसला. मी लॅबच्या पायरीवर उभी होते.

कागद परत देताना म्हणाला, “माझं नाव बदला. गावही बदला.”

“बदलते.”

“वसंतदादांचंही बदला. त्यांच्या मुलीचं लग्न जमवतायत.” तो जायला निघाला, मग थांबला. “ताईंचं मात्र खरं ठेवा.”

ठेवलं आहे.